‘गुराढोरांना’ या एका शब्दाचा तास

सातवीच्या वर्गात जोडशब्दांचा पाठ संपवून स्वाध्याय सोडवून घेत होते. प्रश्न नेहमीचाच होता : अधोरेखित शब्दाचे मूळ रूप, सामान्यरूप, प्रत्यय आणि विभक्ती लिहा. वाक्य होते, ‘शेतकऱ्यांनी गुराढोरांना छावणीत नेले.’ आमचा तालुका दुष्काळी, त्यामुळे चारा छावणी ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागत नाही, आणि हा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सबंध तास त्या एका शब्दावर गेला.

वह्या पाहू लागले तेव्हा मूळ शब्दाच्या रकान्यात बहुतेकांनी ‘गुराढोर’ असे लिहिलेले दिसले. शेवटचा ‘ना’ काढायचा आणि ‘रां’चा काना व अनुस्वार पुसायचा, एवढीच कृती त्यांनी केली होती. मी त्यांना तो शब्द वाक्याचा कर्ता करून बोलायला सांगितले. ‘गुराढोर चरत होती’ असे कोणाच्याही तोंडून येईना. सगळ्यांनी ‘गुरेढोरे चरत होती’ असेच म्हटले. प्रत्यय लागण्यापूर्वीचे रूप शोधण्याची याहून सोपी खूण मला ठाऊक नाही. मग फळ्यावर ‘गुरेढोरे’ आणि त्याखाली ‘गुराढोरां’ हे सामान्यरूप लिहिले.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘‘बाई, गुरं पण पुष्कळ आहेत आणि ढोरं पण पुष्कळ आहेत. मग अनुस्वार फक्त ‘रां’वर का? ‘गुरा’वर का नाही?’’

इतकी वर्षे शिकवत असूनही हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि तो अगदी नेमका होता. अनेकवचनी सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना अनुस्वार द्यावा, हा लेखननियम मुलांना पाठ असतो. त्यातला ‘लावताना’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मी फळ्यावर आधी ‘गुरांना आणि ढोरांना’ असे सुटे लिहिले. तेथे प्रत्यय दोन आहेत, म्हणून अनुस्वारही दोन. मग दोन्ही शब्द जोडले. आता ‘ना’ एकदाच येतो आणि तो ‘ढोरां’ला चिकटतो, ‘गुरा’ शब्दाच्या पोटात राहते, त्याच्याशेजारी प्रत्यय नाही, म्हणून अनुस्वारही नाही. मात्र ‘गुरे’चे ‘गुरा’ होणे चुकत नाही.

मुलांनी लगेच आपापल्या घरातले शब्द आणले : मुलाबाळांना, भांड्याकुंड्यांचा, कपड्यालत्त्यांवर, काट्याकुट्यांतून. मी ते लिहीत असताना एकाने ‘केरकचऱ्यात’ हा शब्द दिला आणि तेथे मांडणी अडली, कारण ‘केराकचऱ्यात’ असे आपण म्हणत नाही. दोन्ही गट शेजारी मांडून पाहिले तेव्हा फरक दिसला. ‘मुले’, ‘कपडे’, ‘काटे’ या पहिल्या पदांच्या शेवटी वचनाची खूण उघड आहे, म्हणून ती बदलावी लागते. ‘केरकचरा’, ‘डोंगरदऱ्या’, ‘धनधान्य’ यांत पहिले पद अकारान्त, खुणेविना उभे आहे, म्हणून ते बहुधा तसेच राहते. ‘बहुधा’ म्हणणे भाग आहे, कारण ‘घरदार’ या शब्दाचे ‘घरादाराला’ होते, आणि ‘दगडधोंड्यांतून’ व ‘दगडाधोंड्यांतून’ ही दोन्ही रूपे कानावर पडतात. अशा ठिकाणी रूढी मानावी, असे मी स्पष्ट सांगितले.

विभक्तीचा रकाना राहिला होता. तेथे निम्म्याहून अधिक मुलांनी ‘चतुर्थी’ लिहिले होते. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शिकेत ‘ना’ हा प्रत्यय फक्त चतुर्थीपुढे छापला आहे आणि मुलांनी त्यावर विसंबून उत्तर दिले होते. वास्तविक अनेकवचनात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच, स, ला, ना, ते. त्यामुळे नुसता प्रत्यय पाहून विभक्ती ठरत नाही, त्या शब्दाचे क्रियेशी नाते पाहावे लागते. मी दुसरे वाक्य दिले, ‘आईने गुराढोरांना चारा दिला’, आणि दोन्ही वाक्यांतला ‘ना’ काढून पाहायला सांगितले. ‘शेतकऱ्यांनी गुरेढोरे छावणीत नेली’ हे वाक्य सरळ उभे राहते. येथे गुरेढोरे हे कर्म आहे, म्हणून द्वितीया. ‘आईने गुरेढोरे चारा दिला’ हे मात्र कोसळते, कारण तेथे कर्म ‘चारा’ आहे आणि गुराढोरांना ते दान मिळते, म्हणून चतुर्थी. माणसांच्या नावांना ही कसोटी नीट लागू पडत नाही. ‘आईने सीमाला शाळेत नेले’ या वाक्यातली ‘सीमाला’ द्वितीयाच आहे, पण ‘आईने सीमा शाळेत नेली’ हे कानाला खटकते. तेथे ‘कोणाला नेले?’ असा प्रश्न विचारून कर्म ओळखावे.

पुढच्या घटक चाचणीत मी हीच दोन वाक्ये एकाखाली एक घातली, विभक्तीबरोबर ती ठरवण्याचे कारण एका वाक्यात लिहायला सांगितले आणि त्या कारणाला एक गुण वेगळा ठेवला.