पौर्णिमेचा सण आणि तारखेचा सण

डिसेंबर १९७९, आठवी ‘ब’. भूगोलाच्या सरांनी त्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि आदल्या वर्षाचं जुनं कॅलेंडर पिशवीतून काढून त्याच्या शेजारी मांडलं. दिवाळी दोन्ही वर्षी कुठे आली, ईद कुठे आली, हे मुलांकडून वाचून घेतलं. मग मला उभं केलं. वर्गात ख्रिस्ती मी एकटाच होतो. “गुड फ्रायडे वाच,” म्हणाले. आदल्या वर्षी २४ मार्च, त्या वर्षी १३ एप्रिल. “आता नाताळ वाच.” दोन्हीकडे २५ डिसेंबर. “एकाच येशूचे दोन दिवस ना रे हे? एक फिरतो, एक जागचा हलत नाही. का?”

मला उत्तर येत नव्हतं. अर्धं उत्तर सरांनीच दिलं, आणि ते इतकं सोपं होतं की आजही मी माझ्या चर्चच्या मंडळीत तेच सांगतो. आपले बहुतेक सण तिथीचे, म्हणजे चंद्राचे, म्हणून ते इंग्रजी तारखांमध्ये मागेपुढे होतात. संक्रांत मात्र सूर्याची, म्हणून ती १४ जानेवारीच्या आसपासच बसून असते. ईस्टर चंद्राचा सण आहे. येशूला क्रूसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो वसंतसंपात, त्याच्यानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ईस्टरचा हिशेब ठरला, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही येऊ शकतो. “अंगारकीला चतुर्थीही लागते आणि मंगळवारही लागतो, तसं इथे पौर्णिमाही पाहायची आणि रविवारही,” सर म्हणाले. नाताळ रोमन लोकांच्या सौर कॅलेंडरातल्या एका तारखेला बांधला गेला, म्हणून तो फक्त वार बदलतो.

“पण सूर्याच्या तीनशे पासष्ट तारखांमधून हीच का, ते तुझ्या पाळकांना विचारून ये.”

पाळकसाहेबांनी मला लूक आणि मत्तय उघडून दाखवले. जन्माची कथा या दोन शुभवर्तमानांतच आहे, मार्क आणि योहान यांनी ती सांगितलेली नाही, आणि तारीख चौघांपैकी कुणीच दिलेली नाही. २५ डिसेंबरला रोमन लोक सूर्यदेवाचा सण करीत, तोच ख्रिस्ती लोकांनी घेतला, असं त्यांनी सांगितलं. मी वर्गात तेच सांगितलं. सर ऐकून म्हणाले, “उसनी आणली म्हणतोस. कुणी कुणाकडून आणली, हे कसं ओळखायचं?” यावर मी गप्प बसलो. पुढे धर्मशास्त्र शिकायला गेलो तेव्हाही तो प्रश्न डोक्यात होताच.

त्याच वर्षी नागपूरच्या सदरमधल्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलचं नाटक होतं आणि मी सरांना बोलावलं. ते महाल भागातून सायकलने, कानाला मफलर गुंडाळून आले. नाटकात मी बेथलेहेमच्या उतारशाळेचा मालक होतो. योसेफ आणि मरिया दार ठोठावतात आणि मी “जागा नाही!” असं ओरडून दार लावतो, एवढंच माझं काम. गव्हाण म्हणून संत्र्याची लाकडी पेटी ठेवली होती. खाली तणस घातली होती, तरी पेटीला आंबिया बहाराचा वास होता, आणि बाहुली त्यात ठेवली की तो वास हलायचा. आजही त्या दृश्याबरोबर मला संत्र्याच्या सालीचा वास येतो.

पुढे ग्रीक शिकताना कळलं, की माझी भूमिका लूकने लिहिलेलीच नाही. त्याच्या कथेत मालक नाही, दार लावणंही नाही. मराठी बायबलमध्ये जिथे ‘उतारशाळा’ आहे तिथे मूळ शब्द ‘कॅटॅल्युमा’ आहे. तोच शब्द लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो, म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. पैसे देऊन उतरायच्या जागेसाठी त्याच्याकडे वेगळा शब्द होता. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तो ‘पांडोखेयॉन’ म्हणतो, आणि तिथे मालकही आहे. म्हणून अनेक अभ्यासक मानतात, की बेथलेहेममध्ये नातलगांच्या घरी पाहुण्यांची खोली भरलेली होती आणि बाळंतपण झालं ते घरातल्या माणसांच्या वावरायच्या जागेत, जिच्या एका कडेला रात्री जनावरं बांधत आणि जिथे गव्हाणी असत. आपल्या विदर्भातल्या खेड्यात ज्याने ओसरीच्या पलीकडे बैल बांधलेले पाहिलेत, त्याला हे घर डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. लूक गव्हाणीचा उल्लेख तीनदा करतो, आणि मेंढपाळांना दिलेली खूणही तीच आहे. बाळ बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं असेल, असं देवदूत सांगतो. ती खूण मेंढपाळांना ओळखीची होती. राजवाड्यातलं बाळ पाहायला त्यांना कुणी आत सोडलं नसतं.

सरांचा प्रश्न सुटला तो बराच उशिरा. ते निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. दारातच म्हणाले, “तारखेचं उत्तर आणलंस का?” वीसेक वर्षं झाली होती. मी म्हटलं, “आणलंय सर, पण पूर्ण नाही.”

२५ डिसेंबरचा सर्वात जुना पक्का लेखी पुरावा रोममध्ये इ.स. ३५४ मध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात आहे. त्यातली ती यादी ३३६ सालची मानतात. सूर्यदेवाच्या त्या दिवसाचा जुना लेखी उल्लेखही त्याच ग्रंथात सापडतो. म्हणजे ‘त्यांचा आधी, यांचा नंतर’ असं त्या कागदावरून सिद्ध होत नाही. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये सूर्याचं मंदिर अर्पण केलं हे खरं, आणि मकरायनाचा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस जुन्या रोमन परंपरेत २५ डिसेंबरच धरत, हेही खरं. उगवत्या सूर्याची उपमा ख्रिस्ताला देण्याचा मोह तिथल्या ख्रिस्ती लोकांना नक्कीच झाला असेल.

पण दुसरी एक वाट आहे आणि ती मला जास्त पटते. ती डिसेंबरातून नव्हे, मार्चमधून निघते. इ.स. २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की येशू २५ मार्चला मेला. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांनी निसानची तिथी रोमन तारखेत अशी बसवली होती. आशिया मायनर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडच्या लोकांनी तीच तिथी आपल्या कॅलेंडरात बसवली आणि ती आली ६ एप्रिलला. सरांनी टेबलावरचं पंचांग जवळ ओढलं.

“आता नऊ महिने मोजा सर,” मी म्हटलं.

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. २५ मार्चपासून नऊ महिने, २५ डिसेंबर. मग ६ एप्रिलपासून, ६ जानेवारी. ते थांबले. पूर्वेकडच्या चर्चमध्ये जुना जन्मोत्सव ६ जानेवारीलाच होता, आणि आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी तो पाळतं, हे मी सांगितलं. त्यांनी दोन तारखांमधलं अंतर मोजलं, मार्च-एप्रिलमध्ये बारा दिवस आणि डिसेंबर-जानेवारीतही बाराच. “म्हणजे जन्म मोजला तो मरणावरून,” सर म्हणाले.

हेच ते. ज्या दिवशी तो मेला त्याच तारखेला मरियेच्या पोटी आला, अशी धारणा होती, आणि गर्भधारणेपासून नऊ महिने मोजून जन्मदिवस आला. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन हे स्पष्ट शब्दांत लिहितो. पण सरांसमोर पूर्ण खरं सांगायचं तर पायाच कच्चा आहे. टर्टुलियन जे वर्ष धरतो ते इ.स. २९. वल्हांडण पौर्णिमेला हवा, आणि त्या वर्षी पौर्णिमा आठवडाभर आधी होऊन गेली होती. २५ मार्च २९ ला चंद्र अर्ध्याच्या आसपास होता. शिवाय नाताळ सुरू होण्याआधी कुणी ‘अमुक तारखेपासून नऊ महिने’ असं लिहून ठेवलेलं सापडत नाही. येशू खरोखर कधी जन्मला हे या हिशेबाने कळत नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या मनात जन्म आणि क्रूस किती जवळ होते, तेवढं मात्र त्याने कळतं.

ही जवळीक मला जन्मकथेचं मर्म वाटते. गव्हाणीपाशी थांबून ‘किती गोड बाळ’ म्हणणारा नाताळ अर्धाच राहतो.

सरांनी मग विचारलं, “आमच्याकडे कृष्णजन्म, तुमच्याकडे हा. फरक काय रे?” प्रश्न मनापासून होता, म्हणून मीही जपून उत्तर दिलं. अवतार अनेक, युगायुगांत, गरज पडेल तसे. आमच्या श्रद्धेत हे एकदाच घडलं आणि ते मागे घेतलं गेलं नाही. योहान म्हणतो, “शब्द देही झाला.” हा शब्द म्हणजे ख्रिस्त. त्याने देह अंगरखा चढवावा तसा चढवला, असं म्हणणारे लोक सुरुवातीला होते. त्याला भूक, वेदना खरी नव्हती, फक्त दिसत होती, असं ते म्हणत. चर्चने ते नाकारलं. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेत ठरलं, की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, आणि तरी एकच व्यक्ती. यातलं काही कमी केलं तर काय बिघडतं, ते चौथ्या शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी नेमकं सांगतो. माणसाचं जे त्याने स्वतःवर घेतलं नाही, ते बरंही झालं नाही, असा त्याचा मुद्दा आहे. म्हणून जन्म खरा हवा, नाळ कापलेला, बाळंत्यात गुंडाळलेला. मरणही खरंच हवं. आणि उठल्यावर त्याने देह टाकून दिला नाही. हातांवरचे व्रण घेऊनच तो शिष्यांना भेटला.

सर बराच वेळ बोलले नाहीत. काकू संत्र्याचा रस घेऊन आल्या. सरांनी चष्मा लावला, पंचांगाची पानं मागे उलटली, आणि २५ मार्चच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, ‘नाताळ – नऊ महिने.’