मुळी कुणाची पांढरी?

"ऊस काय तुळस आहे, थेंब थेंब पाणी घालायला?" आज अण्णा बांधावरूनच ओरडले.

दादाच्या ठिबकवरच्या उसात ओळीच्या टोकाची बेटं पिवळी पडलेली. दादानं नळीची एंड कॅप काढून मोटर चालू केली. आधी पांढरट गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. बोअरचं पाणी क्षाराचं, ड्रीपरची तोंडं बुजलेली. ॲसिड सोडायचं राहून गेलं होतं. चूक त्यानं मान्य केली.

मग खुरपं घेऊन तो अण्णांच्या सरीत उतरला. पाटपाणी देऊन सहा दिवस झाले तरी काळ्या रानाला वाफसा नव्हता. चिखलातून निघालेली मुळी तपकिरी, मऊ. ठिबकखालच्या भुसभुशीत मातीतली मात्र पांढरी. मुळीला पाण्याइतकीच हवा लागते, हे आज हातात धरून कळलं.

अण्णांनी मुळी बोटांत चुरगळली. "मला ते ॲसिड, फिल्टर जमायचं नाही रे," एवढंच म्हणाले.

तेही खरंच. पण रात्रीच्या लाईटला बॅटरी घेऊन पाटाच्या पाण्याची दारं धरायला ते अजून एकटेच जातात. आणखी किती वर्षं जमेल?