आमची वाटचाल : चुकलेलं बिल आणि त्यासोबतची चिठ्ठी

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, स्टीलचे रॅक बनवतो. वेल्डिंगमधल्या, पेंटमधल्या चुका आम्ही लवकर सुधारल्या, पण बिलातली चूक नीट सुधारायला शिकायला बरीच वर्षं गेली, म्हणून आज तेच लिहितोय.

२०१८ मध्ये एका गिऱ्हाइकाला बिल जास्त रकमेचं गेलं. मी काय केलं, टॅलीत तेच बिल उघडून रक्कम बदलली आणि त्याच नंबरने परत मेल केलं, खाली फक्त "सुधारित बिल जोडले आहे" एवढंच. त्यांच्याकडे पहिलं बिल आधीच एंट्री झालेलं, आता एकाच नंबरची दोन बिलं दोन रकमांची, खरं कुठलं ते तिथल्या माणसाला कळायला मार्गच नव्हता. त्याने दोन्ही बाजूला ठेवली आणि आमचं पेमेंट अडीच महिने अडकलं. त्याची काही चूक नव्हती.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका पार्टीला २४ रॅक पाठवले. त्यांच्या खरेदी ऑर्डरमध्ये, म्हणजे पीओमध्ये, रेट ४,५८० होता, बिलात टाईप झाला ४,८५०. चार दिवसांनी आमच्या ऑफिसातल्या वहिनी पीओ आणि बिल शेजारी ठेवून टिक करत होत्या तेव्हा सापडलं. फरक २७०, ९ ने पूर्ण भाग जातो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, म्हणून फरक दिसला की आम्ही आधी ९ ने भागून बघतो, भाग गेला की उलटे टाईप झालेले आकडे शोधायचे.

महिना संपायचा होता, विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न म्हणजे जीएसटीआर-१ भरलेला नव्हता, म्हणून सीएंना विचारून जुनं बिल रद्द केलं आणि नवीन नंबरने, त्याच दिवशीच्या तारखेने नवीन बिल काढलं. टॅलीत जुनं डिलीट करायचं नाही, Alt+X ने कॅन्सल करायचं, म्हणजे नंबर जागेवर राहतो आणि मधला नंबर कुठे गेला हा प्रश्न येत नाही. जीएसटीआर-१ मध्ये कॅन्सल झालेल्या बिलांची संख्या सांगावी लागते, तिथेही ते बरोबर दिसतं. एकदा का रिटर्न भरलं की मात्र हा रस्ता बंद, मग जुनं बिल तसंच ठेवून जादा रकमेची क्रेडिट नोट काढायची.

मग चिठ्ठी. ती अशी गेली :

"आमचे बिल क्र. ११८, दि. २२, रक्कम रु. १,३७,३५२ हे रद्द केले आहे. त्यात रॅकचा दर रु. ४,५८० ऐवजी चुकून रु. ४,८५० पडला होता. त्याऐवजी बिल क्र. १२३, दि. २६, रक्कम रु. १,२९,७०६ सोबत जोडले आहे. फरक रु. ७,६४६ (जीएसटीसह, पूर्णांकात). माल एकदाच, २२ तारखेला गेला असून आपल्या गेटला त्याची नोंद बिल क्र. ११८ वर आहे, नवीन माल पाठवलेला नाही. जीएसटी रिटर्नमध्ये फक्त बिल क्र. १२३ दाखवू. उधारीचे दिवस नव्या बिलाच्या तारखेपासून धरावेत. चूक आमची आहे, तसदीबद्दल क्षमस्व."

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या फोनमुळे आलंय. गेटचं वाक्य नसेल तर स्टोअरवाले विचारतात की १२३ चा माल कुठाय, कारण त्यांच्या रजिस्टरला आणि ई-वे बिलावर ११८ च आहे. रिटर्नचं वाक्य अकाउंट्ससाठी, ते १४ तारखेला येणाऱ्या जीएसटीआर-२बी शी, म्हणजे विकणाऱ्यांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, बिलं जुळवतात, तिथे ११८ दिसलं नाही की तुम्ही बिल अपलोडच केलं नाही म्हणून फोन येतो, आणि चुकून दोन्ही गेली तर क्रेडिट डबल दिसतं. आणि दोन्ही रकमा लिहायच्याच, नुसता फरक लिहिला तर समोरच्याला बेरीज-वजाबाकी करत बसावं लागतं.

मेल पाठवण्याआधी मी स्वतः फोन करतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी पुण्याच्या अकाउंट्समधल्या ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, ११८ उद्याच्या पेमेंट लिस्टमध्ये टाकलं होतं." त्यांनी लगेच काढलं, आणि संध्याकाळी आमच्या चिठ्ठीच्या प्रिंटवर "११८ रद्द, १२३ घेतले" असं लिहून सही-शिक्क्याचा फोटो पाठवला. तो आम्ही ११८ च्या ऑफिस कॉपीला पिन करून फाईलला लावलाय.