शनिवारची रात्र आणि दोन किटल्या

कोल्हापुरात शनिवारी रात्री ताटांची खानावळ भरली की सगळ्यात अवघड काम रस्सा फिरवण्याचं असतं. मला वाटलं होतं, हातावर चार ताटं पेलणं अवघड जाईल. ते दोन दिवसांत जमलं. रस्सा मात्र अजून मी जपून वाढतो. त्याला कारण माझा पहिला शनिवार.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. बुधवारी कामाला लागलो आणि चौथ्या दिवशी हा शनिवार आला. बाहेरच्यांना वाटतं, कोल्हापूर म्हणजे रोज मटण. पण इथे शनिवार पाळणारी घरं पुष्कळ आहेत. त्याच रात्री अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे पुण्या-मुंबईहून उतरतात आणि त्यांना मटण ताटच हवं असतं. म्हणून शनिवारी शाकाहारी आणि मटण ही दोन्ही ताटं शेजारी-शेजारी, कधी एकाच टेबलावर लागतात. एरवी असा गोंधळ कमी.

आमच्याकडे मटण ताटात सुकं, तांबडा आणि पांढरा. शाकाहारी ताटात आख्खा मसूर, एक भाजी आणि बिनमटणाचा तांबडा. मटणाचा तांबडा अळणी पाण्यावर, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यावर होतो. शाकाहारी तांबडा कांदा-खोबऱ्याच्या वाटणावर. चटणी दोन्हीत तीच, वर येणारा लाल कट तोच. वाटीत पडल्यावर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. गार झाल्यावर मटणाच्या रश्श्यावर चरबीची पातळ साय धरते, पण गर्दीत रस्सा गार व्हायला वेळ कुठला?

दोन्ही रस्से स्टीलच्या एकसारख्या किटल्यांतून फिरायचे. शाकाहारी किटलीच्या कडीला हिरवी सुतळी बांधलेली असे. एवढीच काय ती खूण. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास किटली धुवायला गेली आणि सुतळीशिवाय परत आली. खिडकीत दोन्ही किटल्या शेजारी होत्या. बाहेर तीस-चाळीस माणसं पाटीवर नाव लिहून उभी होती. सात नंबरवरून आवाज आला, "रस्सा आण रे थोडा." मी डावीकडची किटली उचलली, कारण संध्याकाळपासून शाकाहारी किटली डावीकडे होती.

सात नंबरला पाच शाकाहारी ताटं होती. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि एक शाळकरी नात. मी तीन वाट्यांत रस्सा घातला: आजोबा, मुलगा, सून. आजीनं वाटीवर हात धरला आणि नातीला तिखट सोसत नव्हतं. तिथून खिडकीशी आलो आणि उरलेला रस्सा हलवायला किटली तिरपी केली, तर तळाशी नखाएवढा हाडाचा तुकडा खरखरला. मी तो चमच्यावर काढून बघितला. पांढरा, कडेला सच्छिद्र. खोबऱ्याचा तुकडा असेल म्हणून बोटांत दाबला. तो दबला नाही.

पुढची चार-पाच मिनिटं मला अजून सलतात. मी कॅप्टनकडे गेलो. ते एका हातानं ऑर्डर लिहीत होते, दुसऱ्या हातानं बाराचं बिल मागत होते. मी कानाशी सांगितलं. ते म्हणाले, "गप बस की. त्यांना कळलंय काय? जा, सतराला पापड दे." मी पापड दिले. तिथून सात नंबर दिसत होता. आजोबांनी भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला आणि खाल्ला.

मी गल्ल्यावर गेलो. तिथं मालकांचे भाचे होते, पुढे पैसे द्यायला चार जण. त्यांनी ऐकून घेतलं, नोटा मोजून झाल्यावर म्हणाले, "मामांना विचारून सांगतो. थांब." मामा पार्किंगमध्ये गाड्या लावून घेत होते. मी थांबलो. माझ्या हातात तो चमचा तसाच होता. आजोबांनी दुसरा घास बुडवला. सून मुलीला भात कालवून देत होती, तिच्या वाटीला अजून हात लागलेला नव्हता. मामा काही येईनात. भाचे पुढच्याचं बिल करायला लागले. ताट परत करायचं की बिल माफ करायचं हे त्यांनी ठरवावं, हे बरोबर आहे. पण समोर माणूस खात असताना "थांबा, खाऊ नका" एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागायला नको होती, आणि ते मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या थांबण्याचा राग मला माझ्या चुकीपेक्षा जास्त येतो.

मी कुणालाही न विचारता टेबलाशी गेलो आणि आधी तिन्ही वाट्या उचलल्या. मग म्हणालो, "आजोबा, खाऊ नका. मी मटणाचा रस्सा वाढलाय. चूक माझी आहे."

नव्या पोरांना मी हाच क्रम सांगतो: आधी वाटी उचला, मग बोला. "बहुतेक", "थोडासा" असले शब्द घालू नका. समोरच्याला नेमकं काय पोटात गेलं ते कळायला हवं. आणि किटली कशी बदलली ते विचारल्याशिवाय सांगत बसू नका.

मुलगा उभा राहिला. त्याचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. आजोबा काही बोलले नाहीत, हात धुवायला गेले आणि बराच वेळ चूळ भरत राहिले. आजीनं मला विचारलं, "बाळा, कुणाकुणाच्या ताटात वाढलंस?" मी बोट दाखवून तीन ताटं सांगितली. "माझ्या आणि हिच्या ताटात नाही ना?" "नाही आजी." "भाकरी, मसूर?" मी म्हणालो, मसूर वेगळ्या पातेल्यातला आहे, भाकरीला काही लागलेलं नाही. त्यांनी नातीला खायला सांगितलं. मी नेमकं सांगू शकलो म्हणून त्या पोरीचं जेवण झालं. कुठल्या टेबलावर कुणाला काय वाढलं हे तेव्हापासून मी मनात धरून ठेवतो. कागदावर फक्त ताटं लिहिलेली असतात, मागून वाढलेलं कुठेच लिहिलेलं नसतं.

तिन्ही ताटं पूर्ण बदलली. नुसती वाटी बदलून चालत नाही, रस्सा ताटात ओघळलेला असतो. नवी ताटं-वाट्या मी उकळत्या पाण्यातून काढून आणल्या आणि रस्सा पातेल्यातून त्यांच्यासमोर वाढला. आजोबा तरी जेवले नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेलो, ते त्यांनी घेतलं. म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वी माळ घातली मी." त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ मला तेव्हा दिसली. शर्टाच्या आत होती. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि काढूनही घेतला.

मालकांनी बिल घेतलं नाही. पाच ताटांचे पैसे दोन महिन्यांत माझ्या पगारातून कापले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कॅप्टन आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी त्यांना डावलून गेलो होतो. त्याबद्दल आहे.

रात्री साडेबाराला दोन्ही किटल्या मी स्वतः घासल्या. सुतळी मोरीच्या जाळीत अडकलेली सापडली. मी ती टाकून दिली आणि शाकाहारी किटलीच्या कडीला हिरव्या प्लास्टिकची जाड वायर पक्कडीनं पिळून बसवली. दुसरी पितळी किटली आणा म्हणून मालकांना चार वेळा सांगितलंय, अजून आलेली नाही. दर शनिवारी सात वाजता मी ती वायर ओढून बघतो, मग दोन्ही किटल्या खिडकीच्या दोन टोकांना ठेवतो.