एएमएच ०.८ आला तेव्हा

माझं वय ३६. मूल हवं असं ठरलं, तशा गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या आणि त्याच आठवड्यात एका लॅबचं ‘महिला पॅकेज’ केलं. त्यात एएमएच होता, म्हणजे अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. आकडा आला ०.८ आणि शेजारी लाल अक्षरात ‘लो’. तो कागद घेऊन मी इंदूरमधल्या एका ठिकाणी गेले. तिथे मला तपासलंच नाही. ‘अंडी संपत आली आहेत, याच महिन्यात आयव्हीएफ सुरू करा’ असं सांगून हातात खर्चाचा तक्ता दिला.

घरी रडारड झाली. शेवटी मावशी मला लोकमान्यनगरात, तिच्या ओळखीच्या डॉक्टरकाकूंकडे घेऊन गेली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारलं, “गोळ्या कधी बंद केल्यास?”

एएमएच हे हार्मोन अंडाशयात वाढू लागलेल्या बारीक फॉलिकल्समधून, म्हणजे स्त्रीबीजांच्या पिशव्यांमधून, रक्तात येतं. साठा मोठा असेल तर अशी फॉलिकल्स जास्त आणि आकडाही मोठा. पण गोळ्या चालू असताना अंडाशय थोडे सुस्तावलेले असतात, त्यामुळे तो खाली दिसतो आणि वर यायला काही महिने लागतात. तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, पुन्हा करायचं ठरलं. लॅब तीच, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

मधल्या काळात पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच झाला, आणि सोबत इस्ट्राडायॉल. एफएसएच हे फॉलिकल्स वाढवणारं हार्मोन, साठा घटला की ते चढतं; इस्ट्राडायॉल अंडाशयातून येतं. काकू म्हणाल्या, एकटा एफएसएच फसवतो. साठा कमी असलेल्या बाईचं इस्ट्राडायॉल कधी लवकर वाढतं, ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि रिपोर्ट छान नॉर्मल दिसतो. माझं इस्ट्राडायॉल कमीच होतं आणि एफएसएच ७, म्हणजे त्यावर विश्वास ठेवता येत होता. मग आतून सोनोग्राफी. पडद्यावर फॉलिकल्सचे काळे ठिपके दिसत होते आणि काकू मोठ्यानं मोजत होत्या: उजवीकडे चार, डावीकडे तीन. दुसरा एएमएच १.१ आला. वयाच्या मानानं साठा कमीच, पण संपलेला नाही.

“म्हणजे दिवस राहणार की नाही?” मी विचारलं.

“हे त्यातून कळत नाही गं. हा आकडा मोजतो किती, कशी ते नाही.”

दर महिन्याला बहुतेक वेळा एकच स्त्रीबीज सुटतं, मग मागे फॉलिकल्स वीस असोत की सात. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता: ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० बायका. सहा पाळीचक्रांत गर्भ राहण्याची शक्यता कमी एएमएच असलेल्यांत ६५ टक्के निघाली आणि नॉर्मल असलेल्यांत ६२, म्हणजे फरक नाहीच. खरा फरक वय पाडतं. वय वाढतं तसं स्त्रीबीजात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं. मग गर्भ राहत नाही, किंवा राहून पडतो. पस्तिशीनंतर हे वेगानं होतं आणि ते दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. माझ्या नणंदेचा एएमएच ७ आहे. सासूबाईंना त्याचं केवढं कौतुक! पण तिला पीसीओएस आहे, फॉलिकल्स ढीगभर आणि पाळी दोन-दोन महिने नाही. बीजच सुटत नसेल तर मोठा आकडा काय कामाचा?

मग एएमएचचा उपयोग कुठे? आयव्हीएफसाठी इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर. तेव्हा किती स्त्रीबीजं मिळतील आणि डोस किती ठेवायचा, याचा अंदाज त्यावरून बरा येतो. काकूंनी माझं गणित कागदावर मांडलं. एका खेपेला साधारण पाच मिळतील धरू. त्यातली चार पक्व, तीन फलित, पाचव्या दिवसापर्यंत टिकणारा गर्भ एखादा. नणंदेला कदाचित वीस मिळतील, पण तिला अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका, म्हणून डोस जपून.

मग त्यांनी विचारलं, “मुलं किती हवीत?” एक हवं असेल तर आधी नैसर्गिक प्रयत्न करणं रास्त. दोन हवी असतील तर दुसऱ्याच्या वेळी मी चाळिशीला टेकलेली असेन, साठा आणखी घटलेला आणि बीजांचं वयही वाढलेलं. मग गर्भ आताच गोठवून ठेवायचा विचार करावा लागेल. पहिल्या ठिकाणी हे कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही सध्या एकावर आलोय. सासूबाईंचं मत वेगळं आहे, पण त्यांच्या मताला इंजेक्शन लागत नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली, ठीक आहे. पस्तिशीपुढे वर्षभर वाट बघत नाहीत, म्हणून सहा महिने प्रयत्न. तोवर दिवस राहिले नाहीत तर गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायचं, आणि आयव्हीएफचं त्यानंतर. एएमएच दर महिन्याला करू का, असं मी विचारलं होतं. काकू म्हणाल्या, पैसे वाचव.