एक मार्क आणि माझ्या गावचा पोरगा

चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी बघतो. मागच्या वर्षी एका इंजिनिअरची जागा भरायची होती, शेवटी दोघं उरले. एक पोरगा सांगलीकडचा, डिप्लोमा करून मशीन शॉपमधून वर आलेला, डिट्टो माझ्यासारखा. दुसरी नांदेडची मुलगी, तिची सगळी नोकरी गेज रूममध्ये, म्हणजे पीस मोजायच्या साधनांच्या खोलीत गेलेली. तिघांच्या पॅनेलची सरासरी काढली तर त्याला ७९, तिला ७८.

मी लगेच म्हणालो, एक मार्क जास्त आहे ना, मग घ्या त्याला. एचआरच्या मॅडमनी इंटरव्ह्यूच्या आधी सही केलेला कागद पुढे ठेवला, त्यावर लिहिलं होतं की २ मार्कांपर्यंतचा फरक म्हणजे टाय. कारण एकाच उत्तराला आम्ही तिघं जण तेवढे पुढेमागे मार्क देतोच. आणि टाय झाला तर आधी बघायचे कस्टमर कम्प्लेंटच्या प्रश्नाचे मार्क, तेही सारखे असतील तर स्किल मॅट्रिक्समध्ये आपल्या टीममध्ये काय कमी आहे ते. सही करताना मला ती फॉर्मॅलिटी वाटली होती.

मग मॅडम म्हणाल्या, सर तुमच्या नोट्स वाचा. त्याच्यापुढे मी लिहिलेलं, "आपल्यातला वाटतो, लगेच सेट होईल". कुठल्या उत्तरावरून, असं त्यांनी विचारलं तर मला एकही उत्तर दाखवता येईना. आणि पॅनेलमधल्या प्रॉडक्शनच्या साहेबांच्या नोट्समध्ये होतं की तो फाइव्ह व्हायच्या, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा "का" विचारायच्या पद्धतीतल्या, तिसऱ्या "का"ला अडकला तेव्हा मीच त्याला टूल वेअरचा धागा दिला. ती अडकली तेव्हा मात्र मी गप्प बसलो आणि लिहिलं, "अडखळली". हे वाचून मला खरंच लाज वाटली, कारण दोन्ही वेळा मला आपण फेअर आहोत असंच वाटत होतं.

त्याचे मार्क कमी करू का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या, निकाल दिसल्यावर मार्क बदलायला लागलो तर उद्या कुणीही कुठल्याही बाजूने बदलेल, आणि ते बरोबरच होतं. कम्प्लेंटच्या प्रश्नाला दोघांना ८ होते, म्हणजे गाडी स्किल मॅट्रिक्सवर आली. आमच्या टीममधले चौघंही मशीन शॉपचे, गेज आर अँड आर, म्हणजे तोच पीस परत किंवा दुसऱ्याने मोजला तर माप किती बदलतं याची तपासणी, स्वतः करू शकणारा एकही नाही, आणि आमच्या एका बोअर गेजचा हा फरक तर ३० टक्क्यांच्या वर होता, म्हणजे चांगला पीस कुठला नि खराब कुठला हेच आम्हाला खात्रीने सांगता येत नव्हतं. प्रॅक्टिकलमध्ये रिजेक्शनची शीट दिल्यावर त्याने थेट टूललाच दोष दिला, तिने आधी विचारलं की तोच पीस दुसऱ्या ऑपरेटरने मोजलाय का?

ऑफर तिला गेली. त्याला फोन मी स्वतः केला. "सर, कुठे कमी पडलो?" असं त्याने विचारलं, तर मी सांगितलं की कामात नाही, आम्हाला गेजचं माणूस हवं होतं. आता आमच्या मार्कांच्या शीटवर प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना वाढवलाय, "हिंट दिली का, कुणी?"