साडेनऊची भैरवी

काल घरी भजन झाले. रात्री 10 नंतर आवाज नको, म्हणून वेळ उलटी मोजली : साडेनऊला भैरवी, मग आरती, आणि त्यासाठी पंचपदीला सातच्या ठोक्याला सुरुवात. शेजारच्या आजोबांची खोली आमच्या भिंतीला लागून असल्यामुळे पखवाज समोरच्या कोपऱ्यात, दुहेरी सतरंजीवर ठेवला, कारण कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा, म्हणजे धुमेचा घुमारा फरशीतून आणि भिंतीतून थेट पलीकडे पोहोचतो. टाळांचा विचार मात्र राहून गेला. आठ जोड एकदम वाजू लागताच शेजारच्या काकू दारात आल्या, तेव्हा दोनच ठेवून बाकीच्यांना टाळी धरायला सांगितले, आणि खरे तर शब्द त्यानंतरच नीट ऐकू आले. गुडघेदुखीवाल्यांच्या खुर्च्या मागच्या भिंतीशी होत्या. शिऱ्याचा पहिला द्रोण आजोबांकडे गेला.